हौदातलं पाणी

सांडू नको गं पाणी, उरलं तरी ठेव,
वाटंच्या तहानल्यात वसला माझा देव…

जात्यावरचा आईचा हा आवाज बन्सीधरच्या कानात होता. म्हणूनच देवगाव फाट्याजवळच्या त्यांच्या गावात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसलं, तेव्हा मागच्या नळीतून गटारात जाणारी धार बघून त्याचा जीव कळवळला. तीन घागरी बोअरचं पाणी आत जाई, एकच घागर गोडं बाहेर येई. दोन वाया!

यंत्र चालवायला गावानं त्यालाच नेमलं होतं. त्यानं नळीपुढं दगडी हौद बांधला. पाणी कसं नितळ, काचेसारखं! गोड्या नळाला घरटी एकच घागर, ती पिण्याला. बाया स्वयंपाकाला हौदातलं नेऊ लागल्या. छबूबाईनं तर त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, "बन्सी, लय पुण्य घेतलंस रं!"

गावाच्या पाण्यात फ्लोराइड होतं. पोरांचे दात त्यानं पिवळे पडत, चाळिशीतले गडी कमरेत वाकत. यंत्रातला पंप पाणी एका बारीक पडद्यातून रेटायचा. क्षार, फ्लोराइड पडद्याअलीकडंच अडकायचं. अडकलेलं जातं कुठं, हे बन्सीधरनं कुणाला विचारलंच नव्हतं. पुढं हौदाच्या काठाला पांढरा क्षार धरलेला बघून शंका आली, तेव्हा त्यानं गुपचूप तीन बाटल्या परभणीला तपासायला धाडल्या. कागद आला. लिटरमागं फ्लोराइड, बोअरच्या पाण्यात तीन मिलिग्रॅम, गोड्यात अर्धा मिलिग्रॅमही नाही, हौदात सव्वाचार. तीन घागरींचं जहर दोन घागरींत गोळा झालेलं.

तीन महिने तो कागद पत्र्याच्या पेटीत होता. पुण्यवान म्हणणाऱ्या तोंडांपुढं तो काढायचा कसा?

त्या सकाळी लाइट गेलेली. यंत्र मुकं, गोडा नळ कोरडा. छबूबाईची सून कोकिळा कळशी घेऊन हौदाशी आली. काखेत सहा महिन्यांचं लेकरू, डोळ्यांत काजळ.

"आज ह्याचं उष्टावण हाय, बन्सीभाऊ. पावणे यायलेत. गोड्याची घागर कालच संपली. खिरीला हेच नेते."

"लाइट येईल की. थांब जरा."

"तुमच्या लाइटची वाट म्हंजी रुसल्या जावयाची वाट! उकळून घेते ना चांगलं."

"उकळून न्हाई जात ते."

"काय न्हाई जात?"

त्यानं नजर यंत्राकडं वळवली. तिनं हसत कळशी बुडवली. पाणी बुडबुडत आत शिरलं. लेकरानं ओला काठ चाचपला अन् बोटं तोंडाकडं नेली.

बन्सीधरनं पुढं होऊन ते इवलं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं कळशी आडवी केली. पाणी मातीत गेलं.

"आवं, सांडलंत की सगळं!"

"सांडू दे. माज्या घरी गोडं हाय अर्धी घागर, ते ने. हे बोअरपेक्षा वंगाळ हाय, कोकिळा. यंत्र जे काढतं, ते समदं ह्यातच येतं. तीन महिने झाले, मला ठावं हाय. मी बोललो न्हाई."