भर दुपारच्या मेणबत्त्या

मनवा आमच्या बेलापूरच्या फ्लेक्सच्या दुकानात आली आणि माझं पोट दुखायला लागलं. औषधानं बरं होणारं दुखणं नव्हतं ते. पंधरा वर्षं मी लग्नांचे फोटो काढले, वाढदिवसांचे फ्लेक्स केले आणि ही सहा महिन्यांपूर्वी आलेली पोरगी कॉम्प्युटरला चार ओळी लिहून देते, की चित्र तयार. मालक शामकांतकाका तिला 'मनवाबाई' म्हणायचे. मला नुसतं 'कल्याण'.

त्यात काकांनी श्रीरामपुरात दुसरं दुकान काढायचं ठरवलं. कोल्हार रस्त्यावर बिभीषण नावाच्या माणसाचं नवं हॉटेल होतं, त्याच्या मोठ्या फलकासाठी आम्ही दोघांनी कॉम्प्युटरकडून एकेक चित्र करून घ्यायचं. ज्याचं चित्र बिभीषण पसंत करेल, त्यानं श्रीरामपूर सांभाळायचं. मला ते दुकान हवं होतं. खरं सांगायचं तर ते तिला मिळू नये, हे त्याहून जास्त हवं होतं.

आमच्या दुकानात एक नियम आहे. एकदा अभिनंदनाच्या फ्लेक्सवर हार घातलेला फोटो छापला गेला आणि जिवंत माणूस शिव्या देत दुकानात आला. तेव्हापासून प्रत्येक काम दुसऱ्यानं वाचून सही केल्याशिवाय पुढे जात नाही. प्रॉम्प्टचंही, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या त्या ओळींचंही, तसंच. आधी कागदावर काढायचा, काही विचारायचं असेल तर मागच्या बाजूला लिहायचं, दुसऱ्यानं वाचायचा, सही झाली की मगच मशीनला द्यायचा. काका म्हणतात, मशीन 'हे जमत नाही' असं सांगायला थांबत नाही, काहीतरी करून दाखवतं.

बिभीषणनं फोनवर बोलून पाठवलं होतं, की टळटळीत ऊन पाहिजे, मागं ऊस हिरवागार दिसला पाहिजे, आणि मंडळीला मेणबत्तीच्या उजेडातलं जेवण लई आवडतं, तसंही वाटलं पाहिजे. मी लगेच ओळखलं, की हे एकमेकांच्या मुळावर उठणारं आहे. कडक उन्हात ज्योत दिसतसुद्धा नाही. मी मेणबत्त्या काढून टाकल्या आणि दुपार ठेवली.

मनवाचा कागद माझ्याकडे आला तेव्हा त्यात दोन्ही होतं. 'भर दुपारचं कडक ऊन', आणि दोन ओळी खाली 'मेणबत्तीच्या मंद उजेडातलं वातावरण'. मला उकळ्या फुटल्या. एवढी हुशार मनवाबाई, आणि एवढं दिसलं नाही? मी खाली सही ठोकली आणि कागद परत दिला. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, मग कागद घेऊन जागेवर गेली.

माझा कागद तिच्याकडून आला तेव्हा 'लांब सावल्या' या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ होती. शेजारी लिहिलं होतं, 'दादा, भर दुपारी सावली पायाशीच असते, तुम्हीच शिकवलंत.' मी शिकवलं होतं खरं. तिच्या चुकीवर डोळा ठेवायच्या नादात माझी चूक मलाच दिसली नाही. मी मुकाट्यानं शब्द बदलला. तिचं बरोबर होतं, याचाही राग आला.

बिभीषण गुरुवारी आला. मनवाच्या चित्रात पांढऱ्याफटक उन्हात टेबलावर मेणबत्त्या पेटलेल्या होत्या आणि माणसांचे चेहरे रात्रीसारखे पिवळे होते. तो हसला.

"भर दुपारी मेणबत्त्या कशाला पेटवल्यात? लाईट गेली हाय का?"

माझं चित्र त्याला एका नजरेत आवडलं. सावल्या अगदी पायाशी. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मनवानं आपलं चित्र बाजूला घेतलं. तिच्या कागदावर माझी सही होती, ती तिला काकांपुढे करता आली असती.

संध्याकाळी कागद फाईलला लावताना तिचा कागद माझ्या हातून उलटा झाला. मागं तिचं बारीक अक्षर होतं. 'दादा, बिभीषणभाऊंचे शब्द तसेच ठेवलेत. पण ऊन आणि मेणबत्ती एकत्र जमत नाही. एक सोडून द्यायला सांगू, की दारं-पडदे लावलेली अंधारी खोली दाखवू? तुम्ही सांगाल तसं करते.'

मी तिला हाक मारली. कागद दाखवून विचारलं, की तुला दिसलं होतं, मग मशीनला दिलंस कशाला?

"तुम्ही सही केलीत," ती म्हणाली. "मला वाटलं, मला न दिसणारं काहीतरी तुम्हाला दिसलं असेल. तुम्ही पंधरा वर्षं उजेड बघताय."

ती पर्स घेऊन निघून गेली. मी तिच्यावर जळत होतो तेवढ्या दिवसांत तिनं एकदाही माझ्या हेतूवर शंका घेतली नव्हती. तिच्या त्या विश्वासाचा मला नव्यानं हेवा वाटला, आणि हा हेवा कोणतंही दुकान मिळून शमणारा नव्हता.

काका कुलूप शोधत होते. मी तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला, मागची बाजू वर करून.