बुधवार कुठे दिसतो

दुपारी दोन वाजता तिने डायरी उघडली आणि बेकरीवाल्या नवऱ्याचा खोकला शोधायला घेतला. सोमवार होता. सकाळी डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले होते: कधीपासून आहे आणि कधी नसतो? बेकरीवाल्याने "हवा पालटली की होतो" असं ठोकून दिलं होतं. आता गुरुवारी अकराला पुन्हा जायचं होतं.

डायरी पाच वर्षांची. एका तारखेला एक पान, पानावर पाच खण, दर वर्षाची एक ओळ. रोज लिहिताना वरच्या ओळी डोळ्यांखालून जात, त्यामुळे काही असतं तर आपल्याला दिसलंच असतं, असं ती धरून चालली होती.

चौदा तारीख: खोकला. नळ दुरुस्त. खोकला. लेकीचा फोन. खोकला. काही हाती लागेना. ती उठली, पाणी प्यायली, परत बसली. 'मांजर देऊन टाकलं, केसांमुळे खोकतात.' पुढच्या पानावर, त्याच खणात: 'तरी खोकला.' बिचारं मांजर.

मग तिच्या लक्षात आलं. पानावर तारीख तीच राहते, वार मात्र दरवर्षी सरकतो. वरून खाली वाचून आठवडा दिसणारच नाही. तिने फक्त तिसरा खण धरला, त्या वर्षीचं कॅलेंडर शेजारी ठेवलं आणि पानामागून पान उलटत गेली. बेकरी बुधवारी बंद. वर्षभरात एकाही बुधवारी खोकला नव्हता.

पण ओळीत नाही म्हणजे छातीत नाही, असं थोडंच? त्या दिवशी लिहायला दुसरं काही असेल. तिने दोघं लेकीकडे राहिलेले दहा दिवस काढले. 'हे जिना न थांबता चढले.' 'सलग झोपले.' परतल्याच्या दुसऱ्या दिवशी: 'पीठ चाळून आले, छाती घरघरते.'

तेवढ्यात बेकरीवाला आला. भुवयांवर मैदा.

"काय गं, माझं चरित्र वाचतेस?"

"तुमच्या मैद्याचं. बसा, ऐका."

त्याने ऐकलं. मग म्हणाला, "मैद्यावर आळ घेऊ नकोस. तीस वर्षं हात आहेत त्यात."

"मांजरावर घेतला तेव्हा गप्प बसलात ते?"

"अगं, मांजर सोडता येतं. मला दुसरं येतं काय?" पुढचं बोलणं खोकल्यात गेलं.

"अहो, डॉक्टरांना तुम्ही सांगणार की मी डायरी दाखवू?"

तो हात धुवायला गेला, तो बराच वेळ धूतच राहिला.

बुधवारी तिने पहिल्यांदाच लिहिलं: 'आज खोकला नाही.'

गुरुवारी पावणेअकराला ती दवाखान्याच्या बाकावर बसली होती. डायरी पिशवीत होती, खुणेच्या पाच चिठ्ठ्या घालून. बेकरीवाला पहाटे चारला बेकरीची किल्ली घेऊन गेला होता, "परस्पर येतो" म्हणून. अकरा वाजून पाच मिनिटांनी आतून त्याचं नाव पुकारलं. बाकावर शेजारची जागा रिकामी होती.