खजिनदारबाईंच्या घराचा अर्ज

खजिनदारबाईंपुढे बिल ठेवायचं म्हणजे माणूस आधी दोनदा उलटसुलट करून बघायचा. टाकी साफ करणाऱ्याची एकदा पावतीवर सही करायची राहून गेली, तर त्याला त्यांनी जिन्याच्या तोंडावरून परत बोलावलं होतं. "कागद वाचल्याशिवाय सही नाही आणि सहीशिवाय कागद नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सोसायटीतली पोरंटोरं त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करायची. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

तर अशा बाई त्या संध्याकाळी तळमजल्यावरच्या ऑफिसात, मीटरच्या पेट्यांमागच्या त्या कोंदट खोलीत, कमिटीच्या बैठकीला बसल्या होत्या. लिफ्टच्या दुरुस्तीचं झालं, गच्चीच्या गळतीचं झालं. मग सेक्रेटरींनी चष्मा सारखा केला. हे सेक्रेटरी म्हणजे कोपऱ्यावरचे औषधाच्या दुकानाचे मालक, प्रत्येक गोष्ट गोळीचं नाव वाचल्यासारखी सावकाश वाचणारे.

"पुढचा विषय, सदनिका भाड्याने देण्याबाबत. अर्ज असा : मी, खाली सही करणार, आपल्या सोसायटीची सभासद असून माझी तिसऱ्या मजल्यावरील सदनिका एका बाहेरच्या कुटुंबास अकरा महिन्यांच्या कराराने राहण्यास देऊ इच्छिते. मी यापुढे मुलाकडे वास्तव्यास जात असल्याने…"

बाई ऐकत होत्या. तिसऱ्या मजल्यावरचं कोण बुवा मुलाकडे चाललंय, असा विचार करत त्यांनी पेनाचं टोपण उघडलंसुद्धा. समोरच्याचा मुलगा शाळेत, शेजारच्यांना दोन मुली. आणि मग सेक्रेटरींनी सदनिकेचा क्रमांक वाचला.

तो त्यांच्याच घराचा होता.

"काय हो बाई," पार्किंगचं बघणारे काका आधी बोलले. त्यांच्या जिभेला हाड नव्हतंच कधी. "चाललात? आणि आम्हाला पत्ता नाही! निदान निरोपाचा चहा तरी द्यायचा!"

"परवाच आला अर्ज," सेक्रेटरी म्हणाले. "तुमचा मुलगाच देऊन गेला दुकानात. म्हटलं, बैठकीत भेटणारच आहोत. कागद सगळे जोडलेत, कराराचा मसुदा, त्या लोकांची ओळखपत्रं, फोटो, पोलिसांकडे माहिती दिल्याची पोच. काही बाकी नाही."

त्यांनी अर्ज बाईंपुढे सरकवला. मजकूर टाइप केलेला आणि खाली सही. ती लांबट, शेवटी रेघ ओढलेली सही बाईंचीच होती, त्यात शंकाच नाही. गेल्या महिन्यात मुलगा आला होता. "आई, गॅसचे आणि विम्याचे कागद आहेत, मला गाडी पकडायचीय, पटापट कर." बाई भांडी घासत होत्या. हात पदराला पुसले आणि तो बोट ठेवेल तिथे सही करत गेल्या. जगातला एकच माणूस होता ज्याचा कागद त्या वाचायच्या नाहीत. त्यानेच डाव साधला!

"बाई, आता तुम्ही जरा बाहेर बसा," अध्यक्ष मवाळपणे म्हणाले. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, कुणाला दुखवायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. "ज्याचा विषय त्याने चर्चेला थांबायचं नाही. नंतर बोलावतो, मालकाने तोंडी दुजोरा दिला की ठराव. ते कुटुंबही आलंय भेटायला."

हा दुजोऱ्याचा नियम बाईंनीच आणला होता. एका दलालाने परस्पर भाडेकरू आणून बसवला, तेव्हा. बाई उठल्या. पेनाला टोपण लावलं आणि ताठ चालत बाहेर गेल्या.

बाहेर जिन्याखाली बाकावर एक बाई, एक पुरुष आणि त्यांच्या मध्ये पेंगणारी छोटी मुलगी. आणि भिंतीला टेकून मोबाइल बघत त्यांचा मुलगा. आईला बघून त्याने मोबाइल खिशात टाकला.

"आई, मी आधी वरच गेलो होतो. तू खाली आलेली होतीस."

"आधी म्हणजे कधी? सह्या घेतल्यास त्याच्या आधी?" बाईंचा आवाज चढला नाही. चढला नाही म्हणूनच मुलगा जास्त घाबरला.

त्याने त्यांना जरा बाजूला, सायकलींपाशी नेलं. "हळू बोल. ऐक ना. तू मोरीत पडलीस, मला सांगितलं नाहीस. शेजारच्यांनी सांगितलं. त्याआधी गॅस चालू ठेवून झोपलीस. मी किती वेळा म्हटलं, चल माझ्याकडे. दरवेळी नाही, नाही, नाही. रात्री फोन वाजला की मी दचकून उठतो, आई."

हे खोटं नव्हतं. बाईंना ते ठाऊक होतं आणि म्हणूनच जास्त राग आला.

"मग भांडायचं होतंस माझ्याशी. वर येऊन, तोंडावर."

"भांडून तू कधी ऐकलंयस?" तो म्हणाला. मग मान खाली घालून, पण म्हणालाच, "मला माहीत होतं, चारचौघांत तू तमाशा करणार नाहीस. आत जा आणि फक्त हो म्हण. बाकी मी बघतो."

म्हणजे त्याने आईच्या अब्रूच्या जोरावर हिशोब मांडला होता. बाईंना वाटलं, याच्या एक कानाखाली द्यावी. आणि त्याच वेळी वाटलं, किती वाळलाय हा.

बाकावरची बाई उठून जवळ आली. शाळेत खेळ शिकवणारी, गळ्यात शिट्टीची दोरी तशीच राहिलेली. "काकू, घर फार छान ठेवलंय तुम्ही. आम्ही बघून गेलो ना, तुम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात होतात तेव्हा. भांडी कशी ओळीने लावलीत! मी यांना म्हटलं, आपण मोडतोड करायची नाही." नवऱ्याने मान डोलावली. तो इस्पितळात वायरिंगची कामं बघायचा, बोलणं बेताचंच. "तीन सोसायट्यांनी नाही म्हटलं आम्हाला," तीच पुढे म्हणाली. "बाहेरचे म्हणून. तुमच्यामुळे डोक्यावर छप्पर आलं."

म्हणजे ही मंडळी आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून गेली! आपली भांडी बघून गेली! या बिचारीचा काय दोष? तिला काय सांगितलं असेल, तेच तिने ऐकलं.

"बाई, या," आतून हाक आली. मुलगाही मागोमाग आला आणि दारात उभा राहिला. त्याच्या खांद्यावरून ती खेळाची मास्तरीण डोकावत होती.

"आमची काही हरकत नाही," अध्यक्ष म्हणाले. "माणसं चांगली वाटतात. तुमचा दुजोरा घ्यायचा आणि लिहून टाकायचं. हा अर्ज तुमचाच ना?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. नाही म्हणावं तर पोटचा पोर सगळ्यांसमोर लबाड ठरतो. हो म्हणावं तर उद्या आपलंच घर, आपली ती खिडकी, नवऱ्याने हाताने ठोकलेली फळी, सगळं सोडून त्याच्या घरातल्या एका खोलीत विचारून विचारून जगायचं. बाईंनी मधली वाट काढली.

"अर्ज मागे घेते मी," त्या म्हणाल्या. "विचार बदललाय."

"अहो, असं कसं!" काका खुर्चीत पुढे सरकले. "ती माणसं आशेने आलीत. तुम्ही स्वतः सही करून…"

"काकू!" दारातून ती बाई जवळजवळ ओरडलीच. "आम्ही राहतं घर सोडतोय, मालकाला कळवून बसलोय!"

बाईंनी मान खाली घातली.

अध्यक्षांचा स्वर आणखी मऊ झाला, आजाऱ्याशी बोलतात तसा. "बाई, तुम्हाला आठवतंय ना, सही केल्याचं? वय झालं की होतं असं. त्यात काय एवढं. हवं तर वर्षभर खजिन्याचं काम दुसऱ्या कुणी बघेल."

बाईंनी मुलाकडे बघितलं. फक्त बघितलं. तू बोल, असं त्या नजरेत होतं. एक शब्द बोल. आई विसरलेली नाही, एवढंच म्हण, बाकी मी सांभाळते. तुझं नाव मी या खोलीच्या बाहेर जाऊ देणार नाही.

मुलाने घसा साफ केला.

"हल्ली जरा विसरते ती," तो म्हणाला. "म्हणूनच नेतोय."

खोलीत कुणीतरी च्‌ च्‌ केलं. बाईंच्या आत काहीतरी तट्‌कन तुटलं आणि मग त्यांचं अंग एकदम शांत झालं. भीती गेली, लाज गेली. त्यांनी अर्ज उचलून टेबलाच्या मध्यभागी ठेवला.

"सही माझी आहे," त्या म्हणाल्या, "अर्ज माझा नाही. गॅसचे कागद म्हणून माझ्या मुलाने माझ्यापुढे धरला. मी वाचला नाही, कारण तो माझा मुलगा आहे. मी मोरीत पडले, तेही खरं. गॅस राहिला होता, तेही खरं. पण मी कशावर सही केली ते मी विसरलेले नाही. मला ते कधी सांगितलंच नव्हतं."

काका खुर्चीत मागे सरकले.

"इतिवृत्तात काय लिहू?" सेक्रेटरींनी अगदी हळू विचारलं.

"हेच लिहा. जसंच्या तसं." मग बाई दाराकडे वळल्या. "आणि पोरी, तुझ्यावर अन्याय झालाय. तो माझ्या घरातून झालाय, म्हणून तुझी माफी मी मागते. दुसऱ्या मजल्यावरची जागा रिकामी आहे, तिचा मालक माझ्या ओळखीचा आहे. उद्या सकाळी मी स्वतः त्याला फोन करते. तो अर्ज देईल तेव्हा मी याच खोलीत असेन, आणि तू बाहेरची आहेस म्हणून कुणी नाक मुरडलं तर माझ्याशी गाठ आहे."

ती बाई रडत होती की रागावली होती, कळत नव्हतं. तिने मुलीला उचललं आणि नवऱ्याच्या मागोमाग निघून गेली.

बाई जिना चढू लागल्या. प्रत्येक वळणावर कठडा धरून, सावकाश. मुलगा दोन पायऱ्या मागे. आधार द्यावा की देऊ नये, अशा बेतात त्याचा हात पुढे येई आणि मागे जाई. दाराशी पोचल्यावर बाईंनी तळहात पुढे केला.

"दुसरी किल्ली."

"आई, रात्री काही झालं तर…"

"किल्ली."

त्याने खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्याचे डोळे भरून आले होते. बाईंनी दार उघडलं, आत गेल्या आणि त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. आतून कडी घातली. दारामागे उभं राहून त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"आता बेल वाजव," त्या आतून म्हणाल्या. "मी उघडते."