लाल पेन्सिलीचं वर्तुळ

लाँड्रीवाल्यांना सगळे मास्तर म्हणत. ते कुठल्याच शाळेत कधी शिकवायला गेले नव्हते. पण गिऱ्हाइकांच्या वहीतलं त्यांचं अक्षर इतकं घोटीव होतं की एकदा कुणीतरी कौतुकानं मास्तर म्हटलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. वहीत एकेका घराला एकेक पान. वर नाव, खाली फोन, त्याखाली पत्ता. पत्ता बदलला की जुन्यावर एक सरळ रेघ मारायची आणि नवा खाली लिहायचा. जुना पत्ता रेघेखालीही वाचता आला पाहिजे, हा मास्तरांचा हट्ट. एखाद्या पानाकडे विशेष लक्ष द्यायचं असेल तर तिथे लाल पेन्सिलीनं वर्तुळ. रेशमी कपडे असले तर वर्तुळ, खळ कमी हवी असली तरी वर्तुळ. गिऱ्हाईक तापट असलं तरीही वर्तुळच.

"दाजी, एवढी वर्तुळं काढताय, वहीला गोवर आलाय," असं मेहुणा म्हणायचा. तो स्कूटरवरून घरोघरी कपडे पोचवायचा, आणि जाता येता दाजींची थट्टा करणं हा आपला हक्कच आहे असं समजायचा.

"तुला वाचता येत नाही म्हणून तुझा जीव जळतोय," मास्तर म्हणायचे.

आतल्या टेबलावर मास्तरांची बायको इस्त्री करायची. ती फारशी बोलत नसे, पण तिचे कान मात्र पुढच्या गाळ्यातच असत.

पाच महिन्यांपूर्वी पांढऱ्या कोटवाल्या बाई दुकानात आल्या होत्या. त्या रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होत्या. दर आठवड्याला त्यांचे तीन कोट यायचे, आठ वर्षं, पाण्याच्या टाकीसमोरच्या घरातून. त्या दिवशी मात्र त्या स्वतः आल्या, आणि डोळ्यांवरचा काळा चष्मा त्यांनी दुकानातही काढला नाही.

"मास्तर, घर बदललंय. नवीन पत्ता लिहून घ्या. फोनही नवीन आहे." मग त्या थोड्या पुढे वाकल्या. "आणि हे कुणाला सांगू नका. कुणालाही. घरचं माणूस म्हणून कुणी विचारलं तरीसुद्धा."

"बाई, माझ्या वहीतलं माझ्या बायकोलाही कळत नाही," मास्तर म्हणाले. बाई हसल्या नाहीत. मास्तरांनी टाकीसमोरच्या पत्त्यावर रेघ मारली, खाली नवा लिहिला आणि त्याच्याभोवती लाल वर्तुळ काढलं. ठसठशीत, दोनदा फिरवून. म्हणजे विसरायला नको.

बाई गेल्यावर बायको आतून म्हणाली, "त्या एवढं बजावून गेल्या, तर पत्ता वेगळ्या कागदावर लिहून ठेवा की. वही दिवसभर उघडीच असते. आणि फोनवर तुम्ही सगळ्यांना पत्ता वाचून दाखवता, ती सवय आधी मोडा. त्यांना सांगू द्या, आपण ताडून बघायचा."

"आपण काय बँक आहोत का? लोकांना बरं वाटतं, आपल्याला लक्षात ठेवलंय म्हणून."

आणि ते खरंच होतं. फोन आला की पान काढायचं आणि "तुमचा पत्ता तो अमुक ना?" असं खणखणीत वाचायचं. पलीकडचं माणूस खूश व्हायचं. मास्तरांच्या दिवसभराच्या कामातलं एवढंच काय ते सुख.

तो मंगळवार होता. दुपारचे साडेतीन वाजले होते. बाहेर रस्ता रिकामा, आत इस्त्रीची वाफ.

"नमस्कार. टाकीसमोरच्या घरातून बोलतोय. आमच्या मिसेसचे कोट असतात तुमच्याकडे. पांढरे." आवाज शांत होता, शिकलेल्या माणसाचा.

"हो हो, बोला ना साहेब!" मास्तरांनी पान काढलं. लाल वर्तुळ दिसलं. म्हणजे खास गिऱ्हाईक, जपून बोलायला हवं. त्यांनी आवाज आणखी गोड केला.

"तयार असतील तर घरी पाठवाल का?"

"तयार आहेत की. नव्या पत्त्यावरच ना? छापखान्यामागची पिवळी इमारत, तिसरा मजला, डावीकडचं दार. बरोबर?"

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला.

"बरोबर," आवाज म्हणाला. "तिसरा मजला म्हणालात ना?"

"तिसरा. डावीकडचं दार."

"राहू द्या मग आज. घाई नाही. आभारी आहे हं तुमचा."

काय सभ्य माणूस, असं मनात म्हणत मास्तरांनी फोन ठेवला.

"कोण होतं?" बायकोनं विचारलं.

"टाकीसमोरचे साहेब. त्या कोटवाल्या बाईंचे..."

आतली इस्त्री थांबली. वाफेचा आवाज बंद झाला तेव्हा मास्तरांना आपलंच वाक्य ऐकू आलं. ते वहीकडे बघत राहिले. वर्तुळ तिथेच होतं, दोनदा फिरवलेलं. आजूबाजूच्या पानांवरही तसलीच वर्तुळं होती. रेशमाची, खळीची, तापटपणाची.

"वाचून दाखवलात?" बायको दारात येऊन उभी होती.

मास्तरांनी पानावर तळहात ठेवला.

"लगेच फोन करा त्यांना."

मास्तरांनी फोन उचलला, ठेवला. पुन्हा उचलला, बाईंचे पहिले सहा आकडे फिरवले, आणि ठेवला. सांगायचं काय? एक गोष्ट सांगितली होती तुम्ही, तेवढीही धरता आली नाही, असं? तेवढ्यात मेहुणा फेरीवरून परतला, आणि काय झालं ते ऐकून त्याचाही चेहरा पडला. पण दाजींकडे बघून तो म्हणाला, "कदाचित मिटलंही असेल. नवरा-बायकोचं काय, आज भांडण, उद्या गोड. नाहीतर कोट आपल्याकडे असतात हे त्याला कसं आठवलं असतं?"

"आठ वर्षं कोट तिथूनच येत होते रे," बायको म्हणाली.

पण मास्तरांनी मेहुण्याचं वाक्य घट्ट धरून ठेवलं. मिटलं असेल. माणूस आभार मानत होता. एक गिऱ्हाईक आलं, गेलं. दुसरं आलं. मास्तरांनी पावत्या नीट लावल्या, लावलेल्या पुन्हा लावल्या. घड्याळात पावणेपाच झाले.

"तुम्ही करताय की मी करू?" बायकोनं वही आपल्याकडे ओढली.

मग मात्र मास्तरांनी आकडे फिरवले. बाईंनी फोन उचलला, मागे काचेच्या बाटल्यांचा किणकिणाट होता. मास्तर बोलत गेले. माफी मागायची होती ती आधी मागितली, मग झालं ते सांगितलं, मग पुन्हा माफी मागायला लागले.

"किती वाजता?" बाईंनी मध्येच विचारलं.

"साडेतीन."

"आता किती वाजलेत?"

मास्तरांना घड्याळ समोर दिसत होतं, तरी आकडा तोंडातून निघेना.

"आई घरी एकटी आहे," बाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

मेहुण्याच्या स्कूटरवर मागे बसून मास्तर छापखान्यामागे पोचले. पत्ता शोधावा लागला नाही, पाठच होता. तिसऱ्या मजल्यावर डावीकडचं दार उघडं होतं. आत खुर्चीत बाईंची आई बसली होती, कानाला यंत्र लावलेली, हसऱ्या चेहऱ्याची. टेबलावर दोन रिकामे कप.

"जावई येऊन गेले," ती मास्तरांना मोठ्यानं म्हणाली, जणू तेच ऐकायला ते आले होते. "किती शांत बोलले हो! उगाच हिनं डोक्यात राख घालून घेतली. सगळ्या खोल्या बघितल्या त्यांनी. खिडकीतून कुठली बस दिसते ते विचारलं. म्हणाले, आता येत जाईन."

जिना चढण्याचा आवाज आला. बाई धापा टाकत आत आल्या, मास्तरांकडे न बघता थेट आईकडे गेल्या, तिचे हात, मान, चेहरा चाचपून पाहिला. मग त्यांची नजर टेबलावर गेली.

कपांच्या मध्ये एक किल्ली होती. नवीकोरी, नुकतीच घडवलेली, चकचकीत.

"टाकीसमोरच्या घराची आहे," बाई कुणालाच उद्देशून न बोलल्यासारख्या म्हणाल्या. "माझी मी गटारात फेकली होती."

"बाई, मी पोलिसात येतो तुमच्याबरोबर. जे झालं ते सांगतो," मास्तर म्हणाले.

"काय सांगाल? जावई आला, चहा प्याला आणि गेला?" त्यांनी कपाटावरची बॅग खाली ओढली. "तुम्ही जा, मास्तर."

"खाली थांबतो. सामान उतरवायला..."

"थांबूही नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला एक टॅक्सी येऊन थांबली. आत आई, मांडीवर बॅग, पायाशी दोन. बाई एकट्याच उतरल्या.

"ते पान द्या," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पट्टी लावून पान फाडलं. त्यांच्या वहीतलं पहिलंच फाडलेलं पान. बाईंनी ते चार वेळा दुमडून पर्समध्ये टाकलं.

"आणि कोट?" बायकोनं हळूच विचारलं. तिन्ही कोट मागे टांगलेले होते.

"नकोत. तिथलं कामही सोडलं मी. ती जागा तर त्याला आधीपासून ठाऊक आहे, आजवर मागच्या दारानं निघून बस बदलत घरी यायचे." त्या वळल्या. टॅक्सी कुठल्या बाजूला गेली हे बघायला मास्तर दारात आले, आणि लक्षात आल्याबरोबर मागे फिरले.

त्या आठवड्यात बायकोनं वही ताब्यात घेतली. पत्त्यांची वही आता खणात, किल्ली तिच्या कमरेला. कपड्यांच्या पुडक्यांवर नुसते आकडे. मेहुण्याला रोज त्या दिवसापुरता कागद मिळायचा आणि परतल्यावर तो फाडायचा. मेहुण्यानं एकही विनोद केला नाही. फोनवर मास्तर म्हणायचे, "पत्ता तुम्हीच सांगा."

"अहो मास्तर, दहा वर्षं येतोय मी! ओळखलं नाहीत?"

"ओळखलं. तरी तुम्हीच सांगा."

काही लोक रागावले. दोघांनी लाँड्री बदलली.

महिनाभरानं एका दुपारी फोन वाजला.

"नमस्कार. टाकीसमोरून बोलतोय." तोच आवाज, तितकाच शांत. "आमच्या मिसेसचे कोट राहिलेत तुमच्याकडे. पत्ता पुन्हा बदललाय म्हणे. कुठला लिहिलाय तुमच्याकडे?"

मास्तरांच्या पाठीमागे तीन पांढरे कोट टांगलेले होते. खांद्यांवर धूळ बसू लागली होती.

"मला ठाऊक नाही," मास्तर म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांच्या तोंडून खरं आणि पुरेसं वाक्य निघालं होतं.

"असं कसं? मागच्या वेळी तर तुम्ही एका दमात सांगितलात."

इस्त्री थांबली होती, बायको दारात उभी होती. पलीकडचा माणूस वाट बघत होता. त्याला अजिबात घाई नव्हती.