न उघडलेली पट्टी

घड्याळजी काकांच्या हाताला स्वस्थता माहीत नव्हती. बंद पडलेलं घड्याळ समोर आलं की आधी मागचं झाकण उघडायचं आणि मग बोलायचं, ही त्यांची जन्माची रीत. तीच रीत त्यांनी आपल्या नडगीवरच्या जखमेलाही लावली आणि घरी ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरच्या डोक्याला ताप झाला.

जखम स्टुलाच्या कडेने झालेली, मनगटी घड्याळाच्या तबकडीएवढी. पण काकांना मधुमेह, पायाचा रक्तपुरवठाही बेताचा. हा पाय हलक्यात घेऊ नका, असं डॉक्टरांनी सिस्टरला बजावलं होतं. सुरुवातीला जखमेभोवती लाली आली, सूज आली, पाणी गळू लागलं. काकूंच्या तोंडचं पाणी पळालं, तेव्हा सिस्टरने समजावलं की शरीर साफसफाई करतंय, हे ओसरेल. ओसरलंही. पाणी फार होतं तोवर तिने ते शोषणारी फोमची जाड पट्टी बांधली. मग तळातून लालबुंद, दाणेदार, ओलसर मांस वर आलं आणि कडेने गुलाबी कातडीची रेघ आत सरकू लागली. आता पुढचं काम कातडीचं, आणि व्रण घट्ट व्हायला महिने लागतील, असं तिने मोठ्या आनंदाने सांगितलं.

पण मधल्या दिवसांत काका पट्टी उचलून बघायचे. एकदा तर डोळ्याला भिंग लावून बसलेले तिने त्यांना रंगेहाथ पकडलं. जखमेला ऊब आणि ओल लागते, दर वेळी उघडलीत तर कोवळी कातडी पट्टीबरोबर सोलून निघेल, असं म्हणत तिने त्यांची चांगलीच हजेरी घेतली. काका पोरासारखे खाली बघत राहिले. त्यानंतर त्यांनी शब्द दिला आणि पाळला.

पुढच्या खेपेला सलाइनने जखम पुसताना गॉजला रक्त लागलं. नुसता स्पर्श झाला तरी येत होतं. मांसाचा लाल रंगही जरा काळवंडला होता आणि गुलाबी रेघ होती तिथेच थांबली होती. पू नाही, ताप नाही. सिस्टरला पुढे आणखी तीन घरं करायची होती.

"पुन्हा उघडलीत ना?" तिने विचारलं.

"नाही हो, सिस्टर. हातही लावला नाही."

"चोराच्या मनात चांदणं," ती हसून म्हणाली. काकूही हसल्या. काका तेवढे हसले नाहीत.

मग तिने फोम सोडून पातळ, चिकटणारी, जखम पूर्ण झाकणारी पट्टी लावली. पाणी कमी झालेल्या, स्वच्छ जखमेला ती चांगली असते, पण अशा पायाला जपूनच लावायची आणि जंतूंची शंका असेल तर नाहीच लावायची, हे तिला पाठ होतं; नुसत्या स्पर्शाने रक्त येणं, मांस काळवंडणं, भरणं थांबणं या जंतूंच्याच खुणा, हेही. शंका तिने काकांवर घेतली, जखमेवर नाही. खाली पिवळसर चिकट द्रव जमेल, वासही येईल, घाबरू नका आणि मी येईपर्यंत उघडू नका, असं तिने दोघांना निक्षून सांगितलं. दुखणं वाढलं, लाली पट्टीबाहेर पसरली, पाय गरम लागला किंवा साखर उगाच चढली तर ताबडतोब कळवा, हे सांगायचं मात्र पुढच्या घरांच्या घाईत राहून गेलं.

वास आला तेव्हा काकू म्हणाल्या, सिस्टर म्हणाल्याच होत्या. पाय ठणकू लागला, साखर चढली, तेव्हा काका म्हणाले, उघडायचं नाही असं सांगितलंय. लाली गुडघ्याकडे निघाली आणि अंगाला थंडी भरून आली, तेव्हा कुठे काकूंनी फोन केला. सिस्टरने पट्टी काढली तेव्हा खालचं मांस राखाडी झालेलं होतं. तिने स्वतः रिक्षा आणून काकांना इस्पितळात नेलं, पण जंतू खोलवर पोचले होते. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

ती भेटायला गेली तेव्हा काका पलंगावर टेकून बसले होते. चादर एका बाजूला सपाट होती. काकूंनी तिला खुर्ची दिली, चहा विचारला, आणि त्या चांगुलपणाने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी कशी मागायची, हे तिने वाटेत घोकलं होतं.

पण काकांनीच आधी विषय काढला. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं.

"सिस्टर, त्या दिवशी रक्त आलं ना, तेव्हा मी खरंच उघडली नव्हती."

"माहितीय काका," ती म्हणाली. "रक्त बघितल्या क्षणीच मला माहीत असायला हवं होतं."

काकांनी चादर बाजूला केली आणि गुडघ्याखाली संपणारा, पट्टीत गुंडाळलेला पाय तिच्यापुढे केला.

"आता उघडून नीट बघा," ते म्हणाले. "आणि काय दिसतंय ते मला सांगा."

तिने वॉर्डच्या सिस्टरला विचारलं, हात धुतले आणि पट्टी सोडायला घेतली.