अर्धा ड्रम
सकाळपासून धाकटीचं डोकं फिरलेलं होतं, आणि त्याला कारण तिचा सख्खा थोरला भाऊ होता. दोघं मिळून केबल टाकायची कंत्राटं घेत. आजचं काम घरचंच म्हणायचं. आईच्या गल्लीला पाणी देणाऱ्या पंपाची केबल जळली होती, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी आई तीन मजले बादल्या चढवत होती.

रस्त्याखालच्या पाइपातून अडीचशे मीटर केबल ओढायची होती, तीही अखंड, कारण पाइपात जोड चालत नाही. धाकटीने टेप काढून आधी वापरलेला केबलचा ड्रम मोजला. मधला लाकडी गाभा साठ सेंटीमीटर व्यासाचा, केबलच्या थरांवरून बाहेरचा व्यास नव्वद.

"दादा, सरासरी व्यास पंचाहत्तर. म्हणजे एका वेढ्याला दोन मीटर पस्तीस. थर पाच, थरात वीस वेढे, शंभर वेढ्यांचे दोनशे पस्तीस मीटर. नाही पुरायची. गोदामातून दुसरा ड्रम मागव."

"दुपार होईल यायला! आणि भरलेला ड्रम साडेपाचशेचा होता ना? थर दहा होते, पाच राहिले. अर्ध्याला अर्धा. पावणेतीनशे आहेत."

"अरे, बाहेरचे वेढे मोठे असतात! वरच्या पाच थरांतच तीनशेच्या वर गेली. आत आत वेढा लहान होत जातो."

"तुझं गणित राहू दे. तिकडे आईच्या घशाला कोरड पडलीय."

आईचं नाव काढलं की हिची बोलती बंद होते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तिने हात झटकले. असल्या माणसापुढे डोकं आपटून काय उपयोग?

दोर लावून केबल ओढायला सुरुवात झाली. दादा खुशीत शीळ घालत होता. मग शेवटचा थर विरळ होत गेला, गाभ्याचं लाकूड उघडं पडलं, आणि शीळ बंद झाली. केबलचं टोक पंपापासून पंधरा मीटर अलीकडे, पाइपातच थांबलं.

आता सगळी केबल परत बाहेर ओढायची. गोदामाला फोन केला, तर गाडी दुसऱ्या कामावर निघून गेलेली, ड्रम उद्याच येणार. धाकटीला इतका राग आला की तिने टेप जमिनीवर फेकला. सकाळीच मागवला असता तर संध्याकाळी नळ सुरू झाले असते.

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. त्याने नाव पाहिलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"आलं का गं पाणी?" आईने विचारलं.

"उद्या, आई. केबल कमी पडली."

पलीकडे बादली जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. आईला धाप लागली होती.

"कमी पडली? मग आधी मोजायचं नाही का गं? मोजायला तूच असतेस ना?"

धाकटीने दादाकडे पाहिलं. तो पाठ फिरवून केबल ओढायला लागला होता.