चौथी चौकट

दामिनीच्या चित्रात चार बायका होत्या, सात क्रेट, एक शिडी, एक झाड आणि एकतीस संत्री. त्याशिवाय पुढच्या क्रेटवर गटाची खूण होती: दोन डोळे आणि हसरं तोंड असलेलं गोल संत्रं. चित्राची रुंदी साडेचार हजार पिक्सेल, उंची सहा हजार. आकांक्षाने फाइल उघडली तेव्हा सवयीप्रमाणे हे सगळं आधी मोजलं.

आकांक्षा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. अमरावतीत राजकमल चौकाजवळच्या एका डिझाइन स्टुडिओत ती काम करायची. चित्रं काढणं तिचं काम नव्हतं. अकोल्याहून दामिनी चित्र पाठवायची आणि आकांक्षा ते पोस्टर, लेबल, मोबाइल अशा निरनिराळ्या मापांत बसवायची. हे काम मोर्शीजवळच्या एका महिला गटाचं होतं. मैनाबाई, गोदाबाई, माधवी आणि मनकर्णा अशा चौघी तिथल्या एका शेडमध्ये संत्र्याचं सरबत आणि मुरंबा करत. अकोल्याच्या प्रदर्शनात त्यांचा स्टॉल लागणार होता. स्टॉलसाठी मोठं पोस्टर हवं होतं आणि प्रत्येकीच्या फोनवर लावायला तेच चित्र हवं होतं.

तीन बायका डावीकडे क्रेटभोवती बसून संत्री निवडत होत्या. उजवीकडे मनकर्णा शिडीवर चढून फळं तोडत होती. मार्चातल्या उन्हात वाडीत काम करताना बायका बांधतात तसा तिने तोंडाला दुपट्टा बांधलेला. डोळे तेवढे उघडे. दामिनीने तिला चेहरा उघडा काढू का विचारलं होतं. मनकर्णा म्हणाली होती की वाडीत ती अशीच असते, तर चित्रातही अशीच राहू दे.

फोनचा पडदा चित्रापेक्षा बराच अरुंद असतो. हल्लीच्या बहुतेक फोनवर रुंदी नऊ भाग आणि उंची वीस भाग. सहा हजार उंचीचं चित्र तिथे पूर्ण उंचीने बसवलं तर साडेचार हजारांपैकी सत्तावीसशेच पिक्सेल रुंदी उरते, बाकीची कापावी लागते. कुठून कापायचं हे ठरवायला आकांक्षाने एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो चित्रातले चेहरे शोधायचा, प्रत्येकाभोवती चौकट आखायचा आणि सगळ्या चौकटी मधोमध येतील असा तुकडा कापायचा. खऱ्या फोटोंवर शिकलेले प्रोग्रॅम रेखाटलेल्या चेहऱ्यांना फसतात, म्हणून तिने कार्टूनचे चेहरे ओळखणारा निवडला होता. प्रोग्रॅमने उत्तर दिलं: चेहरे, चार. चित्रात बायका चार. हिशोब जुळला.

तिने सहा आकारांच्या फाइली काढल्या आणि लहान करून नजरेखालून घातल्या. कडेला अर्धवट कापलेला चेहरा एकाही फाइलीत नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपने चित्र दाबून धूसर करू नये म्हणून तिने त्या डॉक्युमेंट म्हणून गटाला पाठवल्या.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी ती अकोल्याला गेली, ते पोस्टरचा स्टँड एका बाजूला कलला होता म्हणून. स्टॉलवर तिघीच होत्या. मनकर्णाचं विचारल्यावर माधवी म्हणाली की ती दोन दिवस शेडवरही आली नाही, जादा किल्लीने उघडावी लागली, फोन उचलत नाही, तब्येत बरी नसेल. मैनाबाईंनी आपला फोन पुढे करून चित्र दाखवलं. घरात सगळ्यांनी तेच लावलंय, जावयानेसुद्धा मागून घेतलंय, असं त्या सांगत होत्या. गोदाबाईंनी चिमटा काढला की जावयाला सासूचं तोंड सकाळी सकाळी पाहायला लागतं, म्हणून तो हल्ली उशिरा उठतो. सगळ्या हसल्या. आकांक्षाने मैनाबाईंच्या फोनकडे एकदा पाहिलं आणि स्टँडचा स्क्रू आवळू लागली.

तेवढ्यात मनकर्णा आली. आजारी वाटत नव्हती. तिने कंबरेची किल्ली काढली, शेडच्या कुलपाची, आणि सरबताच्या बाटल्यांमध्ये टेबलावर ठेवली.

मैनाबाईंनी विचारलं, "हे काय वो?"

"तुमची किल्ली. आता दुसरी कोणी पाहा."

गटात शेड रोज सकाळी मनकर्णा उघडायची. हे मुद्दाम ठरवलेलं होतं. गट सुरू झाला तेव्हा गोदाबाईंचे दीर भगवंतराव बैठकीत म्हणाले होते की मनकर्णा भीमनगरातली, तिला तोडणीला ठेवा, पण पाकाच्या कढईजवळ नको, लोक घेणार नाहीत. मैनाबाईंनी दुसऱ्या दिवशी शेडची किल्लीच मनकर्णाच्या हातात दिली होती. त्यानंतर तो विषय कोणी काढला नव्हता. आज ती किल्ली टेबलावर होती.

गोदाबाईंनी दोनदा विचारलं की कोणी काही बोललं का. मनकर्णाने मान हलवली. मग तिने मागच्या पोस्टरकडे बोट केलं. पोस्टरवर चौघी होत्या, ती शिडीवर, दुपट्ट्यात.

"पोस्टरवर आहो मी," ती म्हणाली. "तुमच्या कोणाच्याच फोनात नाई."

मैनाबाईंनी फोन उघडला. फोन हातात तसाच राहिला. गोदाबाईंनी आपला काढला. माधवीचा फोन जुना, पडदा थोडा रुंद; तिच्या चित्रात उजव्या कडेला शिडीचा एक पाय आणि एक कोपर दिसत होतं. कोपर कोणाचं आहे हे तिने बोट लावून पाहिलं, जणू बोटाने ओढलं तर बाकीची बाई आत येईल. स्टॉलसमोर एक गिऱ्हाईक मुरंब्याचा भाव विचारत उभं होतं. ते थोडा वेळ थांबून पुढे गेलं.

आकांक्षाने मैनाबाईंच्या हातून फोन घेतला आणि मोजलं. एक, दोन, तीन. पुन्हा मोजलं. पाच मिनिटांपूर्वी तिने हाच पडदा पाहिला होता.

ती काही बोलायच्या आधी मैनाबाई बोलल्या. आवाज खाली गेला होता. "दिवसातून किती डाव पायते मी हे. मी माहंच तोंड पायत होती, बाई."

भगवंतरावांनी सांगितलं का, एवढंच मनकर्णाने विचारलं. गोदाबाईंनी मुलाच्या गळ्याची शपथ घेतली. तेव्हा आकांक्षा पुढे झाली आणि म्हणाली की कापलं तिने, कोणी सांगितलं नव्हतं. पण हे म्हणतानाच तिला प्रश्न पडला. प्रोग्रॅमने चेहरे चार सांगितले होते. चार सापडले असतील तर मनकर्णा कापली कशी गेली?

तिने टेबलावरच्या बाटल्या सरकवून लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅमने आखलेल्या चौकटी चित्रावर उमटवायचा आदेश दिला. चौघी मागे येऊन उभ्या राहिल्या. हिरव्या रेषेची पहिली चौकट मैनाबाईंच्या चेहऱ्याभोवती होती, दुसरी गोदाबाईंच्या, तिसरी माधवीच्या. चौथी चौकट खाली होती, पुढच्या क्रेटवर, हसणाऱ्या संत्र्याभोवती.

शिडीवर, दुपट्ट्यावरच्या दोन डोळ्यांभोवती काहीच नव्हतं.

समोरच्या स्टॉलवरचा स्पीकर ठिबकच्या नळीची जाहिरात करत होता. आकांक्षाला चूक समजली होती आणि तरी नजर हलत नव्हती. प्रोग्रॅमला नाक आणि तोंड असलेले चेहरे शिकवले होते. बांधलेला चेहरा त्याला कापड वाटला. संत्र्याला डोळे होते, तोंड होतं. एक सुटला, एक खोटा मिळाला, आणि बेरीज बरोबर आली. तिने बेरीज तपासली होती. चौकटी कुठे आहेत ते पाहिलं नव्हतं. हे तिने चौघींना सांगितलं, जसंच्या तसं, एकही वाक्य न गाळता.

मनकर्णा पडद्याजवळ वाकली. संत्र्याभोवतीच्या चौकटीवर तिने नख टेकवलं.

"संत्र्याले माणूस मोजलं," ती म्हणाली. "मले नाई."

"हो," आकांक्षा म्हणाली.

गोदाबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. मनकर्णा उभीच होती. ती गेली मात्र नाही.

आकांक्षाने दामिनीला फोन लावून स्पीकरवर ठेवला. सगळं ऐकून दामिनी म्हणाली की ते दोन डोळे तिने सगळ्यात शेवटी काढले होते, त्यांच्यासाठीच बाकीचं चित्र होतं. आकांक्षाने अडचण सांगितली. चारही चेहरे डावीकडून उजवीकडे चौतीसशे पिक्सेलमध्ये पसरले आहेत आणि अरुंद फोनवर सत्तावीसशेच बसतात. म्हणजे कुठूनही कापलं तरी कोणीतरी जाणार. दामिनी म्हणाली की प्रत्येक आकृती वेगळ्या थरावर आहे. शिडीसकट मनकर्णाला डावीकडे सातशे पिक्सेल सरकवता येईल, काम दहा मिनिटांचं.

"मले सरकवू नका," मनकर्णा मधेच म्हणाली. फोनकडे न पाहता, मैनाबाईंकडे पाहत. "मी जिथं आहो तिथंच राहीन. बाकीचं वाढवा."

आकांक्षाने कागदावर भागाकार केला. माणसं जागची हलवायची नसतील तर रुंदी तीन हजार सातशे ऐंशी घ्यावी लागेल. चौघी त्यात बसतात आणि दोन्ही बाजूंना एकशे नव्वद उरतात, कारण काही फोन चित्र थोडं मोठं करून दाखवतात. एवढ्या रुंदीला उंची चौऱ्याऐंशीशे लागते. चित्राची उंची सहा हजार. म्हणजे चोवीसशे नवीन रंगवायचे. वर आकाश सोळाशे, खाली काळी माती आठशे. वरच्या आकाशावर घड्याळ येईल, खालच्या मातीवर अ‍ॅपची चिन्हं. दामिनीचं आकाश सपाट पिवळं होतं आणि माती सपाट काळी, त्यामुळे जोड दिसणार नव्हता. तिने लगेच टॅबलेट उघडला.

फाइल येईपर्यंत मनकर्णा टेबलाच्या कडेला बसली. मैनाबाईंनी तिच्यापुढे सरबताचा पेला ठेवला. बराच वेळ तो तसाच होता. मैनाबाईंनी तो मागे घेतला नाही. माधवीने किल्लीला हात न लावता तिच्याभोवतीच्या बाटल्या नीट लावल्या. शेवटी मनकर्णाने पेला उचलला आणि पाक जरा पातळ झालाय म्हणाली. मैनाबाई म्हणाल्या, तू नव्हती दोन दिवस, कढईजवळ कोण होतं मग.

या वेळी आकांक्षाने प्रोग्रॅम चालवलाच नाही. चार चौकटी हाताने आखल्या, चौथी दुपट्ट्याच्या वरच्या टोकापासून हनुवटीपर्यंत. मग सहाही आकार एकेक करून कापले आणि प्रत्येक तुकडा पूर्ण मोठा करून पाहिला. चौघींनीही पाहिला. प्रत्येक आकाराला मनकर्णा "हं" म्हणायची आणि मगच आकांक्षा पुढची फाइल उघडायची.

सगळ्यांनी फोन टेबलावर ठेवले. आकांक्षाने आधी इतरांचे बदलले. मनकर्णाचा फोन शेवटी राहिला. तिने तो स्वतः पुढे केला, दुसऱ्या हाताने टेबलावरची किल्ली उचलून कंबरेला खोचली आणि म्हणाली, "लाव."

आकांक्षाने चित्र लावलं, पडदा बंद करून पुन्हा उघडला, त्याचा स्क्रीनशॉट घेतला आणि लॅपटॉपवर मोजला. पडदा एक हजार ऐंशी बाय चोवीसशे. चेहरे चार. घड्याळ एकाही चेहऱ्यावर नाही: त्याची खालची कड सातशेव्या पिक्सेलवर, मनकर्णाच्या दुपट्ट्याची वरची कड आठशे अठ्ठाविसाव्या. मधली जागा एकशे अठ्ठावीस पिक्सेल.